तिसरी झोप कधी सोडायची, दुसरी कधी?

बाळ सात-आठ महिन्यांचे झाले आणि संध्याकाळी झोपेनासे झाले की घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, "झोळीत घाला, जोरात हलवा, झोपेल." आई मोबाइलवरचा तक्ता दाखवते : सातव्या महिन्यात दिवसाच्या दोनच झोपा. दोघींच्या ओढाताणीत बाळ रात्री साडेदहापर्यंत जागे राहते आणि सकाळी सगळे घर तारवटलेल्या डोळ्यांनी कामाला लागते. गेल्या काही महिन्यांत या पानाकडे आलेल्या प्रश्नांत हाच प्रश्न वारंवार दिसला, म्हणून आमचे मत सविस्तर मांडत आहोत. ते असे की झोप कमी करण्याचा निर्णय महिना पाहून घेऊ नये आणि एखाद्या दिवसाची रडारड पाहूनही घेऊ नये. तो सलग चौदा दिवसांच्या नोंदीवरून घ्यावा.

झोपेलाही भूक असते असे समजू. बाळ जागे असते तेवढा वेळ ही भूक वाढत जाते आणि झोपले की भागते. तीन-चार महिन्यांच्या बाळाची भूक दीड-दोन तासांतच अनावर होते, म्हणून ते दिवसातून तीन-चारदा झोपते. मेंदू मोठा होत जातो तशी ही भूक सावकाश वाढू लागते. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान बाळ अडीच-तीन तास आनंदाने जागे राहू शकते. त्यामुळे सकाळची झोप थोडी उशिरा येते, दुपारची त्याहून उशिरा, आणि तिसऱ्या झोपेला दिवसात जागाच उरत नाही. शिवाय शरीराचे घड्याळ संध्याकाळी आपल्याला जागे ठेवते. मोठ्या माणसालाही सहा-सातच्या सुमारास सहसा पेंग येत नाही. बाळाचे तसेच होऊ लागते. तिसरी झोप अशी आपोआप गळते, कोणी ती तोडायची नसते.

मग तयारी झाली हे ओळखायचे कसे? सर्वांत भरवशाची खूण तिसऱ्या झोपेत नसून पहिल्या दोन झोपांत असते. सकाळची आणि दुपारची झोप प्रत्येकी तासाहून मोठी होऊ लागली आणि बाळ ताजेतवाने होऊन उठू लागले, तर दोन झोपांत दिवस निभावण्याची ताकद आली असे समजावे. ज्या बाळाच्या सगळ्या झोपा अजून अर्ध्या-पाऊण तासाच्या आहेत, त्याची तिसरी डुलकी काढून घेतली तर संध्याकाळी त्याचे हाल होतात. दुसरी खूण तिसऱ्या झोपेची. बाळ झोळीत डोळे टक्क उघडे ठेवून पडते, हसते, पाय मारते. किंवा अर्धा-पाऊण तास हलवल्यावर झोपते खरे, पण मग रात्रीची झोप दीड-दोन तासांनी पुढे जाते. तिसरी खूण रात्रीची. दिवसाची झोप जास्त झालेले बाळ मध्यरात्री उठून तास-दोन तास खेळत बसते, रडत नाही, किंवा पहाटे पाचलाच उठते. यातले एखाददुसरे एखाद्या दिवशी प्रत्येकच बाळ करते. चौदांपैकी निदान नऊ-दहा दिवस असे घडले तरच त्याला खूण म्हणावे.

एका घराचे उदाहरण घेऊ. आई एका कारखान्याच्या कार्यालयात नोकरीला, सकाळी साडेआठला घर सोडते, संध्याकाळी पावणेसातला परतते. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा संपली आणि बाळ आजीच्या हाती आले. मुलगी सहा महिन्यांची असताना साडेसहाला उठायची. पावणेनऊ ते पावणेदहा, सव्वाबारा ते दीड आणि सव्वाचार ते पावणेपाच अशा तिच्या तीन झोपा होत्या, आणि रात्री पावणेआठला ती झोपायची. आईला घरी आल्यावर तिचा तासभर मिळायचा. साडेसात महिन्यांची झाल्यावर सगळे बिघडले. सकाळची झोप सव्वानऊच्या आत येईना, दुपारची सव्वा वाजल्यापासून पावणेतीनपर्यंत. पाच वाजता झोळीत घातले तर पाच-चाळीसला डोळा लागे, सव्वासहाला ती उठे, आणि रात्री झोपायला सव्वादहा.

आजीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चौदा दिवस पेन्सिलीने वेळा लिहिल्या. चौदांपैकी दहा दिवस तिसरी झोप एक तर आलीच नाही किंवा साडेपाचनंतर आली. उरलेल्या चार दिवसांत ती सहज आली होती, पण त्या चारही दिवशी पाहुणे किंवा वीज गेल्यामुळे दुपारची झोप अर्धवट मोडलेली होती. म्हणजे त्या दिवशी बाळाला ती खरोखर हवी होती. आणखी एक हिशेब त्या नोंदीतून निघाला. रात्रीचे सव्वाआठ तास आणि दिवसाच्या तीन झोपा मिळून तीन तास वीस मिनिटे, म्हणजे एकूण बारा तासांनाही पंचवीस मिनिटे कमी. चार ते बारा महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत बारा ते सोळा तास झोप लागते. तीन झोपा असूनही बाळाची झोप अपुरी पडत होती, कारण तिसरी झोप मिळवण्याच्या नादात रात्रीची झोप खर्ची पडत होती. 'झोपा जास्त म्हणजे झोप जास्त' हा समज इथेच खोटा ठरतो.

आता तिसरी झोप सोडायची म्हणजे काय करायचे? दोन झोपा थोड्या पुढे सरकवायच्या आणि रात्रीची झोप अलीकडे आणायची. हे दुसरे काम बहुतेक घरांत राहून जाते. तिसरी डुलकी गेली की त्या दिवशी बाळाला नेहमीपेक्षा अर्धा ते एक तास लवकर निजवावे लागते. तसे केले नाही तर बाळ अतिशय थकते, आणि अतिथकलेले बाळ लवकर झोपत नाही. ते ताठ होते, पाठीची कमान करते, किंचाळते, आणि झोपल्यावर पाऊण तासात पुन्हा उठते. मग घरातले म्हणतात, पाहा, तिसरी झोप काढल्यामुळे असे झाले. खरे तर रात्र अलीकडे न आणल्यामुळे ते झालेले असते.

पण वर सांगितलेल्या घरात इथेच पेच होता. बाळ साडेसहाला उठून दोनच झोपा घेणार असेल तर तिला संध्याकाळी पावणेसातला निजवायला हवे, आणि आई घरात पाऊल टाकते पावणेसातलाच. दिवसभर न दिसलेले बाळ झोपलेले पाहायचे, हे कुठल्या आईला चालेल? तक्ते करणारे ही अडचण विचारात घेत नाहीत. आमच्या वस्त्यांतल्या बहुतेक घरांत एकच खोली, त्यातच स्वयंपाक, त्यातच टीव्ही, नऊला जेवण. तिथे 'सातला अंधार करा' हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे कठीण.

यावर उपाय असा की घड्याळाला न धरता अंतराला धरावे. बाळाला सातला निजवलेच पाहिजे असा काही नियम नाही. दुपारच्या झोपेतून उठल्यापासून साडेतीन-पावणेचार तासांत निजवावे, एवढेच पाळायचे आहे. म्हणून त्या घराने सगळा दिवसच पाऊण तासाने पुढे नेला. खिडकीला जाड चादर लावली, सकाळची पहिली हालचाल दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी उशिरा केली, आणि बाळ सव्वासातला उठू लागले. मग दहा ते सव्वाअकरा पहिली झोप, सव्वादोन ते पावणेचार दुसरी, आणि रात्री साडेसात. आईला संध्याकाळी पाऊण तास मिळाला आणि सकाळचा सव्वा तास मिळाला. तेल लावणे आणि आंघोळ आजी पूर्वी दहाच्या सुमारास करायची, ते काम आईने सकाळी स्वतःकडे घेतले. संध्याकाळचा गेलेला थोडा वेळ सकाळी परत आला. महिन्या-दोन महिन्यांत बाळ चार तास जागे राहू लागले की रात्र आपोआप आठच्या जवळ गेली.

पहिले तीन आठवडे मात्र दिवस एकसारखे गेले नाहीत, आणि जाऊही नयेत. आजीने एक साधा नियम ठेवला होता. दुपारची झोप तीनच्या आत मोडली तर त्या दिवशी साडेचारच्या सुमारास खांद्यावर पंधरा-वीस मिनिटांची डुलकी द्यायची आणि पाचला पाठीवर हात फिरवून उठवायचे. दुपारची झोप तीनच्या पुढे गेली तर डुलकी नाही, रात्र लवकर. झोपलेल्या बाळाला उठवू नये असे जुनी मंडळी म्हणतात. एरवी ते बरोबर आहे, पण ही संध्याकाळची डुलकी त्याला अपवाद आहे. ती लांबली की रात्र बिघडते.

सहा-सात महिन्यांची रजा संपणे, वरचे अन्न सुरू होणे आणि तिसरी झोप सुटणे ही तिन्ही एकाच सुमारास येतात, हे लक्षात ठेवावे. म्हणून कामावर रुजू होण्याच्याच आठवड्यात झोपेची घडी बदलू नये. बाळ नव्या हातात रुळायला दोन-तीन आठवडे द्यावेत. त्या काळात आईच्या ओढीनेही बाळ झोपायला नाकारते, आणि तो नकार झोप सुटण्याची खूण नसतो.

असे खोटे नकार आणखीही येतात. बाळ रांगायला लागते, कठडा धरून उभे राहायला लागते, तेव्हा पाळण्यातही त्याचा सराव चालू असतो. दात येताना, सर्दीने नाक चोंदल्यावर, कान दुखत असताना झोप मोडते. सर्वांत फसवा नकार अकराव्या-बाराव्या महिन्यात येतो. बाळ पहिली पावले टाकू लागते, एखाददुसरा शब्द बोलते, आणि एकाएकी दुपारची दुसरी झोप सोडून देते. पहिला वाढदिवस जवळ आलेला असतो, सगळे म्हणतात, मोठी झाली, आता एकच झोप पुरे. आमचे स्पष्ट म्हणणे आहे की या वयात घाई करू नये. बहुतेक मुले दुसरी झोप तेरा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सोडतात. त्याआधीचा नकार साधारण आठवडा-दोन आठवडे टिकतो. रोज त्याच वेळी बाळाला शांत जागी आडवे करावे, अर्धा तास वाट पाहावी, झोपले नाही तर उठवून घ्यावे आणि रात्री लवकर निजवावे. आपल्या उदाहरणातल्या मुलीने अकराव्या महिन्यात सलग सहा दिवस दुसरी झोप नाकारली आणि सातव्या दिवसापासून पुन्हा घेऊ लागली.

खरी तयारी वेगळी दिसते. पंधराव्या महिन्यात तीच मुलगी सातला उठायची, साडेदहाला आनंदाने झोपायची आणि पावणेबाराला उठायची. दुपारी साडेतीनला आडवी केली की चाळीस-पन्नास मिनिटे बडबडत, चादरीशी खेळत पडायची. सव्वाचारनंतर झोपली तर रात्री दहा वाजत. झोपलीच नाही, तरी संध्याकाळी सातपर्यंत ती खेळकर असायची. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. झोप नाकारून संध्याकाळी जे मूल पेंगते, डोळे चोळते, क्षुल्लक कारणाने फतकल मारून रडते, त्याला ती झोप अजून हवी आहे. झोप नाकारूनही जे टिकते, ते तयार आहे. पुन्हा चौदा दिवसांची नोंद झाली, आणि या वेळी अकरा दिवस हेच चित्र निघाले.

दोनांवरून एकावर येताना उडी मोठी असते, कारण जागे राहण्याचे अंतर साडेतीन तासांवरून एकदम पाच तासांवर जायचे असते. त्यामुळे ती पायरी-पायरीने घ्यावी. लोक दुपारची झोप बंद करून सकाळची ठेवतात. हे उलटे आहे. सकाळी साडेदहाला झोपून पावणेबाराला उठलेले मूल रात्रीपर्यंत कसे टिकणार? इथे सकाळचीच झोप हळूहळू सरकून दुपारची होते. त्या घरात साडेदहाची झोप दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटे पुढे नेली : पावणेअकरा, अकरा, सव्वाअकरा, असे करत साडेबारापर्यंत. आठ पायऱ्या, म्हणजे साडेतीन आठवडे. एखाद्या पायरीवर मूल जास्त चिडचिडे झाले तर तिथेच आणखी तीन दिवस थांबले. साडेअकराच्या पुढे झोप सरकली तशी जेवणाची अडचण आली. मूल उपाशी झोपले की तासाभरात भुकेने उठते, म्हणून वरण-भात झोपेच्या आधी अर्धा तास भरवायला सुरुवात केली. झोपही तासाभरावरून दोन-सव्वादोन तासांची झाली. साडेबारा ते पावणेतीन झोप, आणि रात्री पावणेआठला निजायचे, अशी घडी बसली.

मधल्या दिवसांत झोप तासाभरात मोडत असेल, तर उठलेल्या मुलाला लगेच उचलू नये. दहा मिनिटे पाठीवर थोपटावे, बरेचदा ते पुन्हा झोपते. नाही झोपले तर रात्र साडेसहा-सातला आणावी. आणि संध्याकाळी साडेपाचला दुचाकीवर पुढे बसवून बाजारात नेऊ नये, निदान हा महिना तरी. दहा मिनिटांची पेंगही त्या दिवसाची रात्र खाऊन टाकते. विहारातला किंवा नात्यातला संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर त्या दिवशी उघडपणे दोन झोपा द्याव्यात. आजारपणातही तसेच करावे. एकदा एक झोप ठरली म्हणजे परत दोन देता येत नाहीत असे काही नाही.

पाळणाघरांबद्दल दोन शब्द बोलावे लागतील. बहुतेक ठिकाणी जेवणानंतर सगळ्या मुलांची एकच झोप असते, आणि दहा-अकरा महिन्यांच्या बाळालाही त्याच रांगेत टाकतात. सांभाळणाऱ्या बाया कमी आणि मुले जास्त, म्हणून त्यांचीही अडचण समजते. तरीही वर्षाच्या आतल्या बाळाला सकाळी पाच तास जागे ठेवणे आम्हाला मान्य नाही. पालकांनी एवढेच मागावे की सकाळी दहाच्या सुमारास एका कोपऱ्यात, जमिनीवर घट्ट अंथरुणावर, अर्धा-पाऊण तास झोपू द्यावे. ते शक्य नसेल तर घरी आल्यावर उशिरा झोप देत बसू नये, सरळ रात्र लवकर करावी. जिथे पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी आहेत त्या ठिकाणी पाळणाघराची सोय असणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. ही भेट सकाळच्या झोपेच्या आधी घेतली आणि अंगावर पाजून बाळाला ठेवले, तर बाळ नव्या जागीही झोपते.

झोप बसवण्यासाठी गुटीत जायफळाचे वेढे वाढवण्याची सवय अजून आहे. सहाणेवर एक वेढा की चार, यातून किती द्रव्य पोटात गेले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि जायफळ जास्त झाले तर विषारी असते. सर्दीचे, गुंगी आणणारे औषध झोपेसाठी देणे तर त्याहून धोक्याचे, त्याने बाळाचा श्वास मंदावू शकतो. झोपांची संख्या बदलणे हा आजार नाही, त्याला औषधच नाही.

काही वेळा मात्र डॉक्टरांकडे जायला हवे. मूल रोज घोरते, झोपेत तोंड उघडे ठेवते किंवा मध्येच श्वास थांबून दचकते, तर नाक-घसा दाखवावा. पूर्वी दोन झोपा घेणारे मूल एकाएकी तीन-चार झोपा घेऊ लागले, मरगळलेले दिसते, पितही नाही, तर त्याच दिवशी दाखवावे. रंग फिका आणि झोप अस्वस्थ, पाय सारखे हलते, असे असेल तर रक्त तपासून घ्यावे, लोह कमी पडले असण्याची शक्यता असते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे महिने मूळ अपेक्षित तारखेपासून मोजावेत. दोन महिने आधी जन्मलेले बाळ आज आठ महिन्यांचे असेल, तर झोपेच्या बाबतीत ते सहा महिन्यांचे आहे आणि त्याला तिसरी झोप अजून बरेच दिवस लागणार आहे.